महिनाअखेरीचा रिपोर्ट उशिरा का येतो?

नागरी सहकारी बँकेच्या कुठल्याही शाखेत १ तारखेच्या सकाळी हमखास ऐकू येणारा एक संवाद आहे. शाखाधिकारी विचारतात, "रिपोर्ट आला का?" आणि काउंटरवरून उत्तर येतं, "अजून नाही साहेब, हेड ऑफिसला ईओडी चालू आहे म्हणे." एरवी सातच्या आत मेलमध्ये येऊन पडलेला हा रिपोर्ट त्या दिवशी नऊ-साडेनऊ वाजले तरी दिसत नाही. वसुली अधिकाऱ्याला थकबाकीदारांची यादी हवी असते, शाखाधिकाऱ्याला ठेवी आणि कर्जांचे काल रात्रीचे आकडे हवे असतात, आणि हेड ऑफिसच्या आयटी विभागाचा फोन सतत एंगेज लागतो.

खाली दिलेले प्रश्न बँकेतले कर्मचारी खरोखर विचारतात तेच आहेत. उत्तरं समजायला सोपी जावीत म्हणून एक नमुन्याची बँक धरू. तिच्या ४० शाखा आहेत, सुमारे २ लाख ६० हजार खाती आहेत आणि त्यातली ३५ हजार कर्जखाती आहेत. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण कामाचा क्रम मात्र कोअर बँकिंगवर चालणाऱ्या बहुतेक बँकांमध्ये थोड्याफार फरकाने हाच असतो.

सकाळचा रिपोर्ट नेमका तयार कधी होतो?

सकाळी होत नाही, रात्रीच होतो. शाखेतलं कामकाज संपल्यावर प्रत्येक कॅशियर आपली रोकड टॅली करतो, पासिंग ऑफिसर राहिलेली व्हाउचर पास करतो आणि शाखा आपला 'डे-एन्ड' करते. सगळ्या शाखांचे डे-एन्ड झाले की हेड ऑफिसमधून पूर्ण बँकेचा दिवस बंद करण्याचं काम सुरू होतं. ईओडी म्हणतात ते हेच. त्यात ठरावीक कामं एकामागून एक होतात: स्थायी सूचनांप्रमाणे रकमा वळवणं, शुल्क कापणं, व्याजाचा हिशेब, कर्जांचं वर्गीकरण, खतावणी आणि तेरीज, मग बॅकअप आणि शेवटी सिस्टिमची तारीख बदलणं. तारीख बदलून नवा दिवस उघडल्यावरच रिपोर्ट काढायला घेतात, कारण त्याआधी कालचे आकडे अजून हलत असतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भिंतीवरच्या घड्याळात १ तारखेचे पहाटेचे चार वाजले असले, तरी ईओडी संपेपर्यंत सिस्टिमच्या लेखी ३१ तारीखच चालू असते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१च्या स्पष्टीकरणात हेच नेमकेपणाने सांगितलं आहे. ईओडी कितीही वाजता चालवली तरी थकबाकीची नोंद देय तारखेचीच धरायची. म्हणजे उशीर झाल्याने आकडा चुकत नाही, तो फक्त आपल्या हातात उशिरा पडतो.

महिनाअखेरीच्या रात्री असं काय जास्त असतं?

सगळ्यात मोठं काम कर्जावरच्या व्याजाचं. शेतीकर्जं वगळता बाकी कर्जांवर बँका २००२ पासून दरमहा व्याज आकारतात. एरवीच्या रात्री सिस्टिम व्याजाचा हिशेब नुसता मांडून ठेवते. महिनाअखेरीला मात्र ते व्याज प्रत्येक कर्जखात्यात प्रत्यक्ष नावे पडतं आणि बँकेच्या व्याज-उत्पन्नाच्या खात्यात जमा होतं. आपण काउंटरवर एक व्हाउचर पास करतो, तशी ३५ हजार व्हाउचर त्या रात्री माणसाशिवाय पास होतात. एरवी दिवसभरात सगळ्या शाखा मिळून जेवढे व्यवहार करतात, त्याच्या कितीतरी पट नोंदी त्या दोन-तीन तासांत पडतात.

एका खात्याचं उदाहरण जवळून पाहू. १ जुलैला एका कर्जाची बाकी ८,००,००० रुपये आहे, व्याजदर साडेनऊ टक्के. १० तारखेला कर्जदाराने १३,००० रुपये भरले. म्हणजे पहिले ९ दिवस बाकी ८,००,००० आणि उरलेले २२ दिवस ७,८७,०००. बाकीला दिवसांनी गुणून दोन्हींची बेरीज केली की २,४५,१४,००० हा गुणाकार येतो. त्याला साडेनऊने गुणून ३६,५०० ने भागलं की जुलैचं व्याज निघतं ६,३८० रुपये ३६ पैसे, पूर्णांकात ६,३८० रुपये.

महिन्यात एकदाच हालचाल झालेलं हे साधं मुदतकर्ज. याच्या जागी एखाद्या किराणा व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट खातं आणा. तिथे महिन्यात दोनशे नोंदी असू शकतात आणि बाकी रोज बदलते. त्यात २८ तारखेला शाखेने एखादा चेक मागच्या तारखेच्या मूल्याने दुरुस्त केला असेल, तर त्या तारखेपासून पुढचे सगळे गुणाकार सिस्टिमला पुन्हा करावे लागतात. अशा दुरुस्त्या बहुतेक करून महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच होतात, कारण राहून गेलेलं तेव्हाच आठवतं.

व्याजाखेरीज महिन्याची शुल्कं, मासिक व्याज घेणाऱ्या ठेवीदारांचं व्याज आणि आवर्त ठेवींचे हप्ते याच रात्री येतात. पण वजन पडतं ते कर्जव्याजाचंच.

ही कामं एकाच वेळी का उरकत नाहीत? एकामागून एक कशाला?

कारण प्रत्येक कामाला आधीच्या कामाचं उत्तर लागतं. कर्जांचं वर्गीकरण, म्हणजे कोणतं खातं एनपीए झालं हे ठरवणं, हे याचं चांगलं उदाहरण. रिझर्व्ह बँकेच्या स्पष्टीकरणातल्या नमुन्यानेच पाहू. ३१ मार्च २०२१ ला देय असलेली रक्कम त्या दिवसाच्या ईओडीपर्यंत पूर्ण आली नाही, तर थकबाकी ३१ मार्चपासून मोजायची. तशीच राहिली, तर २९ जूनच्या ईओडीत ते खातं एनपीए होतं. हा निर्णय संगणकाने रोज रात्री घ्यायचा आहे. २,००० कोटी किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना ३० जून २०२१ पासून तो बंधनकारक आहे.

आता क्रम बघा. खात्यात थकबाकी किती, हे आज रात्रीचं व्याज नावे पडल्याशिवाय कळत नाही. म्हणून व्याज आधी, वर्गीकरण नंतर. वर्गीकरण खात्यानुसार नसतं, कर्जदारानुसार असतं. एकाच माणसाचं घरकर्ज, वाहनकर्ज आणि कॅश क्रेडिट असेल आणि त्यातलं एक एनपीए झालं, तर तिन्ही होतात. म्हणजे ४० शाखांमधली खाती ग्राहक क्रमांकानुसार जुळवल्याशिवाय निकाल लागत नाही. साताऱ्याच्या शाखेतलं खातं कराडच्या शाखेतल्या खात्यामुळे एनपीए होऊ शकतं.

निकाल लागला की पुन्हा हिशेब. खातं आज एनपीए झालं, तर त्यावर आकारलेलं पण वसूल न झालेलं व्याज बँकेला उत्पन्न म्हणून ठेवता येत नाही. ते उत्पन्नातून उलटवावं लागतं. तासाभरापूर्वी जमा धरलेली रक्कम त्याच रात्री परत काढली जाते. म्हणून तेरीज या उलट्या नोंदींनंतरच काढता येते आणि नफ्या-तोट्याचा आकडा त्याच्याही नंतर. ही साखळी मधूनच तोडता येत नाही. व्याजाच्या आत, एका वेळी वेगवेगळ्या शाखांची खाती घेऊन, काम वाटता येतं आणि ते बहुतेक सिस्टिम करतातही. पण व्याज आणि वर्गीकरण शेजारी-शेजारी चालवता येत नाहीत.

मग उशीर नेमका होतो कुठे?

याचं उत्तर घड्याळ मांडल्याशिवाय मिळत नाही. आपल्या नमुन्याच्या बँकेत साध्या रात्री ईओडी १० वाजता सुरू होते. स्थायी सूचना आणि शुल्कं २० मिनिटांत, व्याजाची मांडणी ४० मिनिटांत, वर्गीकरण ३५ मिनिटांत, खतावणी आणि तेरीज २५ मिनिटांत. बारा वाजले. बॅकअपला एक तास, दिवस उघडायला पाव तास, आणि रिपोर्ट काढायला सव्वा तास. अडीच वाजता सगळं संपतं. रिपोर्टची वेळ सकाळी सातची, म्हणजे साडेचार तास हातात उरतात. रोजचा रिपोर्ट वेळेवर येतो तो या उरलेल्या वेळेच्या जोरावर. एखाद्या रात्री तास-दीड तास इकडे-तिकडे झाला तरी शाखेत कुणाला पत्ता लागत नाही.

आता महिनाअखेर. शेवटच्या शाखेचा डे-एन्ड ११ वाजून २० मिनिटांनी झाला, म्हणून ईओडी साडेअकराला सुरू झाली. स्थायी सूचना आणि शुल्कांना पाऊण तास: सव्वाबारा. व्याजाला अडीच तास: पावणेतीन. वर्गीकरणाला सव्वा तास: चार. खतावणी-तेरीज एक तास: पाच. बॅकअप दीड तास: साडेसहा. दिवस उघडला पावणेसातला. त्यानंतर रिपोर्टांची रांग. त्या रात्री नेहमीच्या रिपोर्टांबरोबर मासिक विवरणपत्रं, व्याजाच्या याद्या, शाखावार नफा-तोटाही निघतो, म्हणून सव्वा तासाऐवजी अडीच तास. सकाळचा रिपोर्ट त्या रांगेत शेवटी असेल, तर तो सव्वानऊला हाती येतो.

साध्या रात्रीपेक्षा पावणेसात तास जास्त गेले. त्यातले साडेचार तास उरलेल्या वेळेने पोटात घातले, बाकीचे सव्वादोन तास आपल्याला उशीर म्हणून दिसले. म्हणूनच काही महिन्यांत रिपोर्ट वेळेवर येतो आणि काही महिन्यांत अचानक दोन तास मागे पडतो. काम दर महिन्याला जवळपास तेवढंच असतं, पण उरलेल्या वेळेची सीमा एखाद्या महिन्यात ओलांडली जाते आणि एखाद्यात नाही.

या पावणेसात तासांत दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांचा व्याजाशी काहीच संबंध नाही. एक, सुरुवातच दीड तास उशिरा झाली. दोन, सकाळचा रिपोर्ट रांगेत शेवटी उभा होता. समजा, सगळ्या शाखा दहाच्या आत बंद झाल्या आणि सकाळचा रिपोर्ट रांगेत पहिला ठेवला. तो एकटा अर्ध्या तासात निघतो असं धरू. मग दिवस उघडतो सव्वापाचला आणि रिपोर्ट येतो पावणेसहाला. वेळेच्या सव्वा तास आधी! फक्त सुरुवात सुधारली आणि रांग तशीच ठेवली, तर पावणेआठ वाजतात. फक्त रांग बदलली, तर सव्वासात. दोन्ही केल्याशिवाय सातची वेळ गाठता येत नाही. व्याजाच्या अडीच तासांना मात्र यात कुठेही हात लावावा लागला नाही.

आमची शाखा साडेसातलाच बंद होते. मग आमचा रिपोर्ट का अडतो?

कारण ईओडी शाखेची नसते, बँकेची असते. ३९ शाखा आठला बंद झाल्या आणि चाळिसावी सव्वाअकराला, तर बँक सव्वाअकरालाच बंद झाली.

चाळिसावी शाखा अडते ती बहुतेक वेळा किरकोळ कारणांवर. कुणीतरी केलेली नोंद दुसऱ्याने पास केलेली नसते आणि तो अधिकारी घरी गेलेला असतो. कॅशमध्ये पाचशे रुपयांचा फरक असतो आणि तो सापडेपर्यंत कॅशियर उठत नाही. सस्पेन्समध्ये ठेवलेली रक्कम महिनाअखेरीच्या आत वळवायची असते, हे रात्री नऊला आठवतं. एखाद्या कारखान्याच्या पगाराची यादी संध्याकाळी सहाला येते आणि त्यातले दोन खातेक्रमांक चुकीचे निघतात.

यातल्या बऱ्याच गोष्टी दुपारीच दिसू शकतात. पास न झालेल्या नोंदींची यादी प्रत्येक सिस्टिममध्ये केव्हाही काढता येते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती दुपारी चारला एकदा आणि सहाला पुन्हा पाहिली, तर रात्री हेड ऑफिसमधून येणारे बरेचसे फोन वाचतात. सस्पेन्सच्या नोंदी २८-२९ तारखेलाच निकालात काढल्या, तर मागच्या तारखेच्या मूल्याने कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्याही कमी होतात आणि व्याजाचा हिशेबही हलका होतो.

पूर्वी काउंटर बंद झालं की व्यवहार थांबत. आता तसं नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, युपीआय तर सुरुवातीपासूनच. ईओडी चालू असताना आलेले हे व्यवहार सिस्टिम बाजूला नोंदवून ठेवते आणि नवा दिवस उघडल्यावर खात्यांत टाकते. महिनाअखेरीला हप्ते भरणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून हा ढीगही मोठा असतो. थकबाकीदाराने हप्ता ईओडीपूर्वी भरला की नंतर, यावर त्याचं खातं त्या रात्री कोणत्या वर्गात जाणार हे ठरू शकतं. त्यामुळे व्यवहार कापण्याची वेळ आयटी विभागाला मनाप्रमाणे मागेपुढे करता येत नाही.

मोठा सर्व्हर घेतला तर प्रश्न सुटेल ना?

थोडा सुटेल. वेगवान डिस्क बसवली, तर व्याजाच्या नोंदी लवकर पडतील आणि बॅकअपही लवकर होईल. पण चाळिसावी शाखा ११ वाजून २० मिनिटांनीच बंद होणार असेल, तर कितीही मोठं यंत्र आणलं तरी ते साडेअकरापर्यंत रिकामं बसून राहणार.

बॅकअप का वगळत नाहीत, असंही विचारलं जातं. व्याजाचं काम ३५ हजारांपैकी १८ हजार खात्यांवर येऊन बंद पडलं, असं समजा. सिस्टिम तिथूनच पुढे सुरू करण्याइतकी शहाणी असेल तर ठीक. नसेल, तर व्याज पडण्याआधीच्या स्थितीत परत जावं लागतं आणि ते बॅकअपशिवाय जमत नाही. घाईत तेच काम पुन्हा सुरुवातीपासून चालवलं, तर त्या १८ हजार कर्जदारांना दुप्पट व्याज लागतं. मग पुढचे पंधरा दिवस काउंटरवर कोणता विषय असेल, हे सांगायला नको.

पूर्ण रिपोर्ट नसेल तर अर्धा तरी द्या. त्यात बिघडतं काय?

कोणता अर्धा, यावर अवलंबून आहे. हातातली रोकड, एटीएममधली रोकड, काल आलेले-गेलेले चेक हे आकडे शाखेच्या स्वतःच्या डे-एन्डमधून मिळतात आणि ते पक्के असतात. त्यासाठी हेड ऑफिसच्या रिपोर्टची वाट पाहायची गरजच नाही.

कर्जांचे, एनपीएचे आणि नफ्याचे आकडे मात्र ईओडीआधी घेऊ नयेत. आपल्या बँकेची एकूण कर्जं ४१२ कोटी आणि सरासरी व्याजदर १० टक्के धरला, तर एका महिन्याचं व्याज सुमारे ३ कोटी ४३ लाख होतं. व्याज पडण्यापूर्वी काढलेल्या रिपोर्टात कर्जं तेवढ्याने कमी दिसतील. थकबाकीदारांच्या यादीत आज रात्री एनपीए झालेले लोक नसतील. वसुली अधिकारी ती यादी घेऊन बाहेर पडला, तर ज्यांच्याकडे जायचं त्यांनाच सोडून भलत्यांच्या दारात उभा राहील.

असा अर्धवट रिपोर्ट कुणीतरी पुढे पाठवला, तर तो ओळखायचा कसा? पहिली खूण मथळ्यातली तारीख. आत ३१ तारखेचे आकडे सांगितलेले असतात आणि वर ३० तारीख असते. दुसरी खूण व्याज-उत्पन्नाचं खातं. कालच्या तुलनेत ते ठळकपणे हललेलं नसेल, तर व्याज अजून पडलेलं नाही. तिसरी खूण, शाखांच्या आकड्यांची बेरीज हेड ऑफिसच्या एकूण आकड्याशी जुळत नाही, कारण काही शाखांची खतावणी झालेली असते आणि काहींची बाकी असते.

काम चालू आहे की अडकलं आहे, हे बाहेरून कसं कळतं?

आयटी विभागाला विचारायचा योग्य प्रश्न "कधी होणार?" हा नाही. "कोणत्या पायरीवर आहात आणि किती खाती झाली?" असं विचारावं. व्याजाच्या पायरीवर पावणेदोनला २१ हजार खाती झाली होती आणि दोनला २४ हजार झाली, तर काम चालू आहे. पंधरा मिनिटांत तीन हजार, म्हणजे उरलेल्या ११ हजारांना आणखी साधारण ५५ मिनिटं लागतील. आकडा वीस मिनिटं जागचा हलला नसेल, तर काम अडकलं आहे.

अडकण्याची कारणं मोजकीच आहेत. नव्या कर्जयोजनेला व्याजाचं खातं जोडायचं राहून गेलेलं असतं आणि त्या योजनेतल्या पहिल्याच कर्जावर काम थांबतं. कुठल्यातरी टर्मिनलवर कुणीतरी नोंदीचा स्क्रीन उघडा ठेवून गेलेलं असतं आणि ते एक खातं 'लॉक' होऊन बसतं. किंवा शाखेतून कुणी रात्री वर्षभराचा खातेउतारा काढायला लावतं आणि तोही त्याच डेटाबेसवर वेळ खातो. ऑरॅकल डेटाबेस असेल, तर आणखी एक कारण आहे. महिनाअखेरीच्या हजारो नोंदींमुळे बदलांच्या नोंदवह्या, म्हणजे आर्काइव्ह लॉग, भराभर वाढतात. त्यांची डिस्क भरली की डेटाबेस हात वर करतो आणि स्क्रीनवर `ORA-00257` दिसतं. त्याची खूण अशी की एकच काम अडत नाही, एकाच वेळी सगळंच ठप्प होतं. जागा मोकळी केली की गाडी पुढे सरकते, पण अर्धा-पाऊण तास गेलेला असतो.

पहिली तीन कारणं शाखेच्या आणि कर्जविभागाच्या हातात आहेत. नवी योजना सुरू करताना सगळी खाती जोडली आहेत ना, हे महिनाअखेरीची वाट न पाहता एका चाचणी-कर्जावर पाहता येतं. घरी जाताना लॉगआउट करायला काही सेकंद लागतात. आणि वर्षभराचा खातेउतारा दुसऱ्या दिवशी दुपारी काढला, तरी ग्राहकाचं काही अडत नाही.

सगळ्या महिनाअखेरी सारख्याच असतात का?

नाही. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चअखेर जास्त जड. अनेक बँका बचत खात्यांवरचं व्याज तिमाहीला जमा करतात. त्या रात्री ३५ हजार कर्जखात्यांबरोबर दीड-दोन लाख बचत खात्यांतही नोंदी पडतात, आणि चक्रवाढ पद्धतीच्या मुदत ठेवींचं व्याज मुद्दलात मिळतं. वर मांडलेलं घड्याळ अशा रात्री पुरत नाही. शाखा वेळेवर बंद झाल्या आणि रिपोर्ट रांगेत पहिला ठेवला, तरी सातची वेळ हुकू शकते. त्या चार सकाळींसाठी रिपोर्टची वेळच वेगळी ठरवून आधी कळवलेली बरी.

३१ मार्च हे तर वेगळंच प्रकरण. त्या रात्री व्याज आणि वर्गीकरणाशिवाय वर्षाचं उत्पन्न-खर्च बंद करून नफ्यात न्यावं लागतं, आणि बँका १ एप्रिलला ग्राहकांसाठी बंद ठेवण्याचं कारणही हेच आहे. त्या सकाळी रिपोर्टसाठी फोन करण्यात अर्थ नाही.

उरलेल्या आठ महिनाअखेरींना मात्र सातचा रिपोर्ट सातला यायला हरकत नाही. त्यासाठी आयटी विभागाने रिपोर्टांचा क्रम बदलायचा आहे आणि शाखांनी दहाच्या आत डे-एन्ड करायचा आहे. एवढं करूनही रिपोर्ट आला नाही, तर आयटी विभागाने पावणेसातला सगळ्या शाखांना एक ओळ पाठवावी: कोणती पायरी चालू आहे, किती खाती झाली, अंदाजे किती वाजता संपेल. वसुली अधिकारी तेवढ्यावर आपला दिवस आखू शकतो, आणि आयटीतल्या माणसाला फोन घेण्याऐवजी ईओडीकडे लक्ष देता येतं.